राहुकाळ साडेसातला लागतो, हे आले कुठून?

सोमवारी साडेसात ते नऊ, शनिवारी नऊ ते साडेदहा, शुक्रवारी साडेदहा ते बारा, बुधवारी बारा ते दीड, गुरुवारी दीड ते तीन, मंगळवारी तीन ते साडेचार आणि रविवारी साडेचार ते सहा. राहुकाळाचे हे कोष्टक अनेकांना तोंडपाठ असते. मात्र राहुकाळाच्या मूळ नियमात घड्याळाचा उल्लेखच नाही. नियम एवढाच: सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे आठ सारखे भाग करा आणि त्या वाराचा ठरलेला भाग घ्या. सोमवारचा दुसरा, शनिवारचा तिसरा, शुक्रवारचा चौथा, बुधवारचा पाचवा, गुरुवारचा सहावा, मंगळवारचा सातवा, रविवारचा आठवा. कोष्टकातले दीड-दीड तासांचे तुकडे सूर्योदय बरोबर सहाला आणि सूर्यास्त बरोबर सहाला धरून काढलेले आहेत. हे गृहीतक जिथे लागू नाही, तिथे कोष्टकही लागू नाही.

आठच भाग का, याचे उत्तर प्रहरात आहे. दिवसाचे चार प्रहर आणि रात्रीचे चार, ही जुनी वाटणी. दिवसाचा प्रत्येक प्रहर अर्धा केला की आठ अर्धप्रहर होतात. दिवस लहान झाला की प्रहर लहान होतो, मोठा झाला की मोठा होतो. म्हणजे हे माप मुळातच ताणले जाणारे आहे. घटिका मात्र तशी नाही. अहोरात्राच्या साठ घटिका, एक घटिका २४ मिनिटांची, आणि ती हिवाळ्यात व उन्हाळ्यात तेवढीच. तळाला बारीक भोक असलेले घटिकापात्र पाण्यावर सोडायचे, ते भरून बुडाले की एक घटिका झाली. पंचांगातल्या घटी-पळांची मोजणी सूर्योदयापासून सुरू होते. त्यामुळे सूर्योदय किती वाजता झाला, हा प्रश्नच उद्भवत नसे.

या दोन मापांचा सांधा म्हणजे पंचांगातला दिनमानाचा, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या काळाच्या लांबीचा रकाना. घटीची साठ पळे आणि पळाची साठ विपळे. दिनमान २७ घटी ४५ पळे असेल तर त्याला आठाने भागायचे: ३ घटी, २८ पळे आणि साडेसात विपळे. तो सोमवार असेल तर सूर्योदयानंतर ३ घटी २८ पळांनी राहुकाळ लागतो आणि ६ घटी ५६ पळांना संपतो. एवढ्यात काम झाले.

याच वाटणीतून गुलिक आणि यमगंड हे दिवसातले आणखी दोन ठरीव काळही निघतात, आणि त्यांच्याशी ताडून पाहिले की राहुकाळाचे वेगळेपण ध्यानात येते. गुलिकाची रीत सरळ आहे. दिवसाचा पहिला भाग त्या वाराच्या स्वामीचा, दुसरा पुढच्या वाराच्या स्वामीचा, असे सात भाग सात ग्रहांना द्यायचे; आठव्याला स्वामी नाही. शनीच्या वाट्याचा भाग तो गुलिक. म्हणून रविवारी सातवा, सोमवारी सहावा, असा तो एकेकाने मागे येत शनिवारी पहिला होतो. यमगंड तसाच गुरूच्या भागावरून ठरतो: रविवारी पाचवा, सोमवारी चौथा, गुरुवारी पहिला, आणि शुक्रवारी एकदम सातवा.

राहूला वार नाही. त्यामुळे सात ग्रहांच्या या वाटपात त्याला जागाच नाही, आणि त्याचा क्रम त्यातून निघतही नाही. सोम, शनि, शुक्र, बुध, गुरु, मंगळ, रवि ही माळ ना वारांच्या क्रमाने चालते, ना होऱ्यांच्या, म्हणजे ग्रहांना तासातासाने वाटून दिलेल्या काळांच्या. शिवाय गुलिकात आठवा भाग रिकामा राहतो, तर राहुकाळात पहिला. सूर्योदयाला लागूनचा भाग कोणत्याही वारी राहुकाळ नसतो. म्हणूनच राहुकाळ पाठ करावा लागतो. ‘सो-श-शु-बु-गु-मं-र’ ही अक्षरे दुसऱ्या भागापासून ओळीने ठेवत गेले की चूक होत नाही.

चौघडियाही दिवसाचे आठच भाग करतो, पण त्याची नावे होऱ्यांच्या क्रमाने फिरतात. त्याच्या नावात चार घटी आहेत, प्रत्यक्षात मात्र तीस घटींच्या दिवसाचा आठवा हिस्सा पावणेचार घटींचाच भरतो. त्याच पावणेचार घटी म्हणजे कोष्टकातला दीड तास.

आता कोष्टक बिघडते कुठे ते पाहू. दिवस लहान-मोठा होतो हे कारण सगळ्यांना सुचते, पण मुंबईपुरते बोलायचे तर मोठे कारण दुसरेच आहे. कोष्टक ज्या घड्याळाला धरून आहे ते गावचे घड्याळ आहे, ज्यात सूर्य माथ्यावर आला की बारा वाजतात. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली आणि ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची आहे. मुंबई त्याच्या पश्चिमेला जवळजवळ पावणेदहा अंश. एका अंशाला चार मिनिटे या हिशोबाने मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे पडते. मुंबईने आपली जुनी वेळ लगेच सोडली नाही, ती १९५५ पर्यंत शहरात वापरात होती. त्या वेळेनुसार चालणाऱ्या घड्याळावर कोष्टक बऱ्यापैकी जुळत असे. घड्याळाचे काटे पुढे सरकले, कोष्टक मात्र होते तिथेच राहिले.

दिवस-रात्र सारखे असतात त्या मार्चच्या तिसऱ्या आठवड्याचे उदाहरण घ्या. दिवस बारा तासांच्या आसपास, म्हणजे कोष्टक अचूक असायला हवे. पण मुंबईत तेव्हा सूर्योदय साधारण पावणेसातच्या थोडा आधी होतो. म्हणून सोमवारचा राहुकाळ सव्वाआठच्या आसपास लागतो, साडेसातला नाही.

चेन्नईत हीच चूक जेमतेम नऊ मिनिटांची आहे, कारण ते शहर प्रमाणरेखांशाच्या फार जवळ आहे. शिवाय तिथला दिवस वर्षभरात साडेअकरा तासांच्या थोडे आत ते तेरा तासांच्या थोडे आत एवढाच हलतो. राहुकाळ रोजच्या व्यवहारात कसोशीने पाळणाऱ्या तमिळ मुलखात ठरीव कोष्टकावर भागते ते यामुळे. तेच कोष्टक मुंबईच्या भिंतीवर टांगले की ते दुसऱ्याच वेळा सांगू लागते.

एक दिवस पुरा मांडून पाहू. जानेवारीच्या मध्यातला सोमवार, ठिकाण मुंबई. सूर्योदय ७:१५, सूर्यास्त संध्याकाळी ६:२१. सूर्यास्त आधी १८:२१ असा लिहून घ्यावा. वजाबाकी ११ तास ६ मिनिटे, म्हणजे ६६६ मिनिटे. वर घेतलेले २७ घटी ४५ पळांचे दिनमान ते हेच. आठाने भागून ८३ मिनिटे १५ सेकंद. सोमवारचा भाग दुसरा, म्हणून त्याच्या आधी एकच भाग संपायचा आहे: ७:१५ अधिक ८३ मिनिटे १५ सेकंद, म्हणजे ८:३८. तिथून आणखी एक भाग पुढे गेले की साधारण १०:०१. कोष्टक म्हणते साडेसात ते नऊ. दोघांत सामाईक वेळ फक्त बावीस मिनिटांची! कोष्टक पाहून नऊनंतर निर्धास्त होणारा माणूस पुढचा तासभर राहुकाळातच असतो. त्याच दिवशी नागपूरला सूर्योदय सुमारे ६:५३ आणि सूर्यास्त ५:५२. तिथला एक भाग ८२ मिनिटांहून किंचित जास्त, आणि राहुकाळ ८:१५ ते ९:३८. म्हणजे महाराष्ट्राच्या महाराष्ट्रात तेवीस मिनिटांचा फरक पडतो. दुसऱ्या गावचे पंचांग वापरताना हा फरक मोजायलाच हवा.

हातचा हिशोब चुकतो तो बहुधा दोन ठिकाणी. ११ तास ६ मिनिटे हे कॅल्क्युलेटरवर ११.०६ असे घालून आठाने भागले की १.३८ येते, आणि ते १ तास ३८ मिनिटे असे वाचले जाते. खरा भाग १ तास २३ मिनिटांचा आहे. तासाची साठ मिनिटे असतात, शंभर नव्हे. म्हणून भागाकाराआधी सगळ्याची मिनिटे करायचीच. दुसरी चूक म्हणजे ‘सातवा भाग’ म्हणून सूर्योदयात सात भाग मिळवणे. त्याने भागाची सुरुवात नव्हे, शेवट मिळतो. सुरुवातीसाठी सहा भागच मिळवायचे. पडताळा असा की रविवारचा शेवट सूर्यास्ताशी तंतोतंत जुळला पाहिजे. भाग आधीच ८३ मिनिटांवर छाटला असेल तर आठव्या भागाअखेर दोन मिनिटे कमी पडतात. म्हणून सेकंद शेवटपर्यंत ठेवावेत आणि मिनिटांवर आणायचे ते अगदी उत्तरात.

इतके करूनही दोन पंचांगांत तीन-चार मिनिटांचा फरक दिसला तर तो चुकीचाच असेल असे नाही. वातावरणातल्या वक्रीभवनामुळे सूर्यबिंब असते त्याहून वर दिसते. बिंबाची वरची कड दिसली तो सूर्योदय मानणारे गणित आणि वक्रीभवन न धरता बिंबाचा मध्य क्षितिजावर येण्याचा क्षण घेणारे गणित, यांच्यात आपल्याकडे सकाळी सुमारे चार मिनिटांचे अंतर पडते आणि संध्याकाळी उलट दिशेने तेवढेच. एका भागाला यातले जेमतेम एक मिनिट येते. फरक दिवसाच्या दोन्ही टोकांना जास्त दिसतो आणि मधल्या भागांकडे विरत जातो.

मधल्या सीमेवर तर तो उरतच नाही. चौथा भाग संपतो आणि पाचवा लागतो तो क्षण म्हणजे मध्यान्ह, सूर्य डोक्यावर येण्याची वेळ, आणि ती सूर्योदयाच्या व्याख्येवर अवलंबून नाही. शुक्रवारचा राहुकाळ तिथे संपतो आणि बुधवारचा तिथेच सुरू होतो. त्यामुळे कोणतेही छापील पान किंवा ॲप तपासायचे असेल तर त्यातला बुधवार पाहावा. मुंबईचा मध्यान्ह वर्षभरात नोव्हेंबरच्या आरंभी सर्वांत लवकर, १२:२२ च्या सुमारास येतो आणि फेब्रुवारीत सर्वांत उशिरा, १२:५३ च्या सुमारास. मुंबईसाठी म्हणून दिलेल्या पानावर बुधवारचा राहुकाळ बाराला लागत असेल, तर ते पान मुंबईच्या सूर्यावरून केलेले नाही.