बर्फाचं शून्य खरं, उकळीचं शंभर मात्र गावागणिक बदलतं

हॉटेल मॅनेजमेंटच्या हायजीन प्रॅक्टिकलला प्रोब थर्मामीटर बर्फात आणि उकळत्या पाण्यात घालून तपासायला लावतात ना, ती पद्धत मुळात स्वयंपाकघरातली नाहीच. ती आली १८व्या शतकातल्या वेधशाळा आणि प्रयोगशाळांतून.

त्या काळी प्रत्येक कारागिराचं थर्मामीटर वेगळं, स्केल वेगळं. स्वीडनमधल्या उप्सालाच्या अँडर्स सेल्सियसने हवामान बदलत असताना पुन्हा पुन्हा वितळत्या बर्फात थर्मामीटर ठेवून पाहिलं, तर पारा दरवेळी त्याच खुणेवर. उकळत्या पाण्यात मात्र बॅरोमीटरवर हवेचा दाब वरखाली झाला की पारापण सरकायचा. १७४२ मध्ये त्याने हे मांडलं, आणि गंमत म्हणजे त्याच्या स्केलवर उकळी ० आणि बर्फ १०० होता, ते स्केल नंतर उलटं केलं गेलं. पुढे १७७७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या समितीने (अध्यक्ष हेन्री कॅव्हेंडिश) सांगितलं की उकळबिंदू ठरवताना थर्मामीटर पाण्यात नको, झाकणाच्या भांड्यात वाफेत धरा, आणि हवेचा दाब कोणता ते पण ठरवून दिलं. म्हणजे उकळीवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही हे तेव्हापासून माहीत आहे, पण आपल्या जर्नलमध्ये मात्र सरळ "१०० आलं पाहिजे" एवढंच लिहिलेलं असतं आणि मला तेच खटकतं.

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, उंचीमुळे हवेचा दाब कमी, म्हणून तिथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच. आता समजा पुण्यात डायल थर्मामीटरने बर्फात ० दाखवलं आणि उकळीत ९८, तर ते अगदी बरोबर आहे. पण कुणी डायलखालचा नट पान्याने फिरवून काटा १०० वर आणला तर आता ते सगळीकडे २ डिग्री जास्त दाखवणार, चिकन आतून ७३ असताना काटा ७५ वर, आणि ते शिजलं म्हणून प्लेटमध्ये जाणार. अशा वेळी परत बर्फात घालून बघायचं, २ दाखवलं की समजायचं नट चुकीचा फिरवलाय.

म्हणून आधी बर्फ. पण तोही नीट करावा लागतो, ग्लास चुऱ्याने काठोकाठ भरायचा, मग फटी भरतील एवढंच गार पाणी, ढवळायचं, प्रोब ५ सेंमी तरी आत, तळाला किंवा काचेला न टेकवता, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. पाणी जास्त झालं की बर्फ वर तरंगतो आणि तळाशी ४ डिग्रीचं पाणी बसतं, कारण पाणी ४ लाच सगळ्यात जड असतं, मग चांगलं थर्मामीटरही ३-४ दाखवतं आणि बिचारं नापास होतं. उलट फ्रीजरमधला बर्फ पाण्याशिवाय वापरला तर आकडा शून्याखाली जातो.