बिल जपण्याची मुदत आणि बिलाचं आयुष्य

बिलं किती वर्षं ठेवायची, हे सहसा कर खातं जुन्या वर्षाचा हिशोब किती मागे जाऊन उकरू शकतं, यावर ठरत आलं. कागद चांगला, शाई पक्की. एवढी वर्षं तो सहज टिकायचा. अडचण होती ती जागेची.

त्यावर पहिला मोठा तोडगा मायक्रोफिल्मचा. न्यूयॉर्कमधले बँकवाले जॉर्ज मॅकार्थी यांनी 1920च्या दशकात धनादेशांची छायाचित्रं फिल्मवर उतरवणारं यंत्र काढलं, आणि 1928मध्ये कोडॅकने ते ‘रेकॉर्डॅक’ नावाने बाजारात आणलं. तेव्हापासून एक प्रश्न मागे लागला: मूळ कागद नसेल तर नक्कल चालेल का? संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने 1996मध्ये इलेक्ट्रॉनिक व्यापाराचा नमुना कायदा केला, त्यात याचं नेमकं उत्तर आहे. नोंद पुढे वाचता यावी, ती जशी तयार झाली किंवा आली तशीच राहावी, आणि कुठून, कधी आली ते कळावं. थोडक्यात, जपायचा तो मजकूर आणि त्याचा माग. कागदाचा हट्ट नाही.

मधल्या काळात कागदच कच्चा झाला. थर्मल पावतीत शाई नसते. कागदावरचा रंगद्रव्याचा थर उष्णतेने काळा होतो. ती पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटात ठेवली, तर प्लास्टिक मऊ ठेवणारी द्रव्यं अक्षरं पुसून टाकतात. म्हणजे नीट जपायला म्हणून घेतलेलं पाकीटच घात करतं! अशी पावती आली त्याच दिवशी स्कॅन करावी.

आता मुदतीचा हिशोब. समजा, नियम आहे ‘वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने’. बिल 5 एप्रिल 2021चं, आर्थिक वर्ष 31 मार्च 2022ला संपलं, विवरणपत्राची अंतिम तारीख 31 डिसेंबर 2022. मग बिल 31 डिसेंबर 2028पर्यंत ठेवायचं, म्हणजे जवळजवळ पावणेआठ वर्षं. बिलावरच्या तारखेपासून सहा वर्षं मोजणारा ते एप्रिल 2027मध्येच रद्दीत घालतो. अपील किंवा चौकशी चालू असेल, तर ती निकाली निघेपर्यंत हात लावू नये.

डिजिटल बिलाची गोम वेगळी आहे. त्यावरच्या सहीचं प्रमाणपत्र बहुधा दोन-तीन वर्षांत संपतं. मग 2028मध्ये फाइल उघडली की सही पडताळता येत नाही, असा इशारा दिसू शकतो. त्यावर उपाय म्हणजे सही करताना विश्वासार्ह संस्थेचा वेळशिक्का घेणं आणि प्रमाणपत्र तेव्हा वैध होतं याचा पुरावाही फाइलमध्येच ठेवणं. फाइल पुढेही जशीच्या तशी दिसावी, या विचाराने 2005मध्ये पीडीएफ/ए हे मानक आलं, ज्यात फॉन्टसुद्धा फाइलच्या आत असावे लागतात. 2012च्या तिसऱ्या भागाने त्यात एक्सएमएल जोडायला मुभा दिली, म्हणून माणसाने वाचायचं बिल आणि यंत्राने वाचायचा मूळ डेटा एकत्र राहतात. मात्र बिल मुळात एक्सएमएल म्हणून आलं असेल, तर त्याची नुसती छापील प्रत ठेवून भागत नाही. ऑडिटर आधी ती मूळ फाइल मागतो.