प्रोटीन किती ग्रॅम, हे कळलं. पण किलो कोणता धरायचा?

माझ्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी आलेल्या एका बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. व्यायामशाळेत मिळालेल्या त्या कागदावर पेनाने लिहिलं होतं: वजन १०४ किलो, प्रोटीन १६६ ग्रॅम रोज. बाई शाकाहारी, उंची १५८ सेंटिमीटर. तीन आठवडे त्यांनी मनापासून प्रयत्न केला होता. दिवसातून तीनदा पावडर आणि दोन्ही वेळा वाडगाभर डाळ, त्यामुळे पोट सतत फुगलेलं, आणि तरीही आकडा गाठता आला नाही म्हणून मनात अपराधीपणा. त्या कागदावर गणिताची चूक नव्हती. दर किलोला १.६ ग्रॅम धरले, तर १०४ गुणिले १.६ म्हणजे १६६च. चूक होती ती १०४ हा आकडा तिथे घेण्यात. ती कुठून आली हे समजण्यासाठी ‘दर किलोला इतके ग्रॅम’ या हिशोबाचा इतिहास बघावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्युनिकमध्ये कार्ल फॉइट यांनी माणूस काय खातो आणि शरीराबाहेर काय टाकतो याचं मोजमाप सुरू केलं. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणून खाण्यातला नायट्रोजन मोजायचा, चोवीस तासांची लघवी आणि शौच गोळा करून त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि दोन्हींतला फरक बघायचा. आत आला त्यापेक्षा जास्त बाहेर गेला, तर शरीर स्वतःचंच मांस झिजवतंय. यालाच नायट्रोजनचा ताळेबंद म्हणतात, आणि प्रोटीनच्या गरजेचे आकडे पुढची शंभर वर्षं मुख्यतः याच पद्धतीवर उभे राहिले. मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या सत्तर किलोंच्या पुरुषासाठी फॉइट यांनी रोज ११८ ग्रॅम प्रोटीन सांगितलं. १९०४मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रसेल चिटेंडन यांनी सहकारी, सैनिक आणि खेळाडू विद्यार्थी यांना महिनोन्महिने याच्या निम्म्याच्या आसपास प्रोटीनवर ठेवून दाखवलं, की माणसं त्यावरही धडधाकट राहतात.

दोघांच्या आकड्यांत एवढा फरक असला, तरी एक गोष्ट दोघांकडे सारखी होती. प्रयोगातली माणसं साधारण वजनाची होती. त्यांच्या बाबतीत ‘दर किलोला’ म्हणणं ही केवळ सोय होती, कारण शरीराचं वजन आणि प्रोटीन वापरणाऱ्या अवयवांचं वजन यांचं प्रमाण सगळ्यांत थोड्याफार फरकाने तेच होतं. भारतातही हेच दिसतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२०मध्ये प्रौढांसाठी दर किलोला ०.८३ ग्रॅम हा आकडा दिला, पण सोबत माणूसही ठरवून दिला: पुरुष ६५ किलोंचा, बाई ५५ किलोंची. म्हणजे साधारण ५४ आणि ४६ ग्रॅम. हा ठरवून दिलेला माणूस तक्त्याच्या वरच्या ओळीतच राहतो आणि लोकांच्या लक्षात फक्त ०.८३ राहतं.

शंभर किलोंच्या पुढे गेलेल्या शरीरात हे प्रमाण टिकत नाही. चरबीच्या पेशींमध्ये प्रोटीनची घडामोड फार थोडी होते. स्नायू, यकृत, आतडी यांत ती जोरात चालते. मात्र वाढलेलं सगळं वजन चरबीच असतं असंही नाही. ते ओझं वागवायला पायांचे स्नायू वाढतात, रक्ताचं प्रमाण वाढतं, हृदयही मोठं होतं. १९८४मध्ये ब्रिटनमध्ये जॉन गॅरो आणि सहकाऱ्यांनी लठ्ठ स्त्रियांच्या शरीराची घनता, पाणी आणि पोटॅशियम मोजून या जादा वजनाची फोड केली. त्यात साधारण ७० ते ७८ टक्के चरबी निघाली, उरलेला पाव भाग चरबीविरहित. हा ‘पाव भाग’ पुढे उपयोगी पडणार आहे.

वजन जास्त असलेल्यांना कमी खायला घालताना स्नायू वाचवायचे, हा प्रश्न सरळ हाती घेतला तो १९७०च्या दशकात बोस्टनमध्ये जॉर्ज ब्लॅकबर्न आणि ब्रूस बिस्ट्रियन यांनी. ब्लॅकबर्न शल्यचिकित्सक होते. ऑपरेशननंतर खाऊ न शकणाऱ्या रुग्णांना शिरेतून फक्त अमिनो आम्लं दिली, तरी त्यांच्या स्नायूंची झीज कमी होते, हे त्यांनी पाहिलं होतं. तीच कल्पना त्यांनी लठ्ठ रुग्णांवर वापरली: जवळजवळ उपास, पण प्रोटीन भरपूर. ते देताना त्यांनी रुग्णाच्या काट्यावरच्या वजनाला गुणलं नाही. उंचीनुसार जे वजन योग्य मानलं जाई, त्याच्या दर किलोला १.५ ग्रॅमपर्यंत प्रोटीन, तेही बिनचरबीचं मांस, मासे, कोंबडी यांतून. सोबत पोटॅशियम, कॅल्शियम, मीठ, जीवनसत्त्वं आणि डॉक्टरांची देखरेख. माझ्या मते या विषयातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच होता.

त्याच काळात या कल्पनेची एक बाजारी आवृत्ती निघाली आणि ती जिवावर बेतली. १९७६च्या सुमारास अमेरिकेत ‘द्रव प्रोटीन’च्या बाटल्या खपू लागल्या. त्यात जनावरांची कातडी आणि कंडरा उकळून काढलेलं कोलॅजेन होतं. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच. बाटलीवरचे ग्रॅम खरे होते, पण शरीराला त्यातून स्नायू बांधता येत नव्हते. त्यात खनिजं अपुरी आणि उपास कित्येक आठवडे लांबलेला. पुढच्या दोन वर्षांत पन्नासहून जास्त मृत्यूंची नोंद झाली, त्यांतले बरेच हृदयाची लय अचानक बिघडून झाले. आजही कोलॅजेनची पावडर ‘प्रोटीन’ म्हणून मोजणारी माणसं भेटतात, तेव्हा मला हे आठवतं. ते ग्रॅम रोजच्या हिशोबात धरू नयेत.

‘योग्य वजन’ ठरवण्याचे तक्ते आयुर्विमा कंपन्यांकडून आले. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफने १९४०च्या दशकात आपल्या विमेदारांपैकी कोणत्या उंची-वजनाचे लोक जास्त जगले हे पाहून ते बनवले. त्याआधीपासून फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्या नावाने चालणारा सोपा नियम होताच: सेंटिमीटरमधल्या उंचीतून १०० वजा. १९७४मध्ये बेन डेव्हिन यांनी जेंटामायसिन या औषधाचा डोस ठरवण्यासाठी आणखी एक सूत्र दिलं. यांतल्या एकाचाही प्रोटीनशी संबंध नव्हता, पण हाताशी होते म्हणून आहारतज्ज्ञांनी तेच उचलले.

अति लठ्ठ माणसाच्या बाबतीत यातूनही थोडा अन्याय होई, कारण जादा वजनातला तो चरबीविरहित पाव भाग हिशोबातून गळून जाई. म्हणून रुग्णालयांत ‘समायोजित वजन’ वापरात आलं: योग्य वजन, अधिक जादा वजनाचा पाव हिस्सा. काही ठिकाणी पाव ऐवजी ०.४ घेतात, ते औषधांच्या डोसाच्या गणितातून आलं आहे.

मग त्या कागदामागचे १.६ कुठले? ते ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांवरच्या अभ्यासातून आले. २०१८मध्ये रॉबर्ट मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी ४९ प्रयोग एकत्र करून दाखवलं, की दर किलोला १.६ ग्रॅमच्या पुढे प्रोटीन वाढवून स्नायूंची वाढ फारशी होत नाही. पण ज्या प्रयोगांत लोकांना मुद्दाम कमी खायला दिलं होतं, ते त्यांनी घेतलेच नव्हते, आणि प्रश्न स्नायू वाढवण्याचा होता. ‘एका पाऊंडाला एक ग्रॅम’ हा शरीरसौष्ठववाल्यांचा जुना नियमही चरबी फार कमी असलेल्या शरीरांसाठीचा. तो या बाईंना लावला तर २२९ ग्रॅम येतात.

आता त्यांचाच हिशोब नीट करू. १५८ सेंटिमीटर उंचीला बीएमआय २२ धरला तर योग्य वजन ५५ किलो. जादा वजन ४९, त्याचा पाव १२. समायोजित वजन ६७ किलो. खाणं कमी केलेलं असताना ०.८३ पुरत नाही, कारण ऊर्जा कमी पडली की शरीर खाल्लेल्या प्रोटीनमधलंही काही इंधन म्हणून जाळतं. तेव्हा दर किलोला १.२ ते १.५ घेतलं, तर ८० ते १०० ग्रॅम येतात. आम्ही ९० ठरवले. योग्य वजन ब्रोकाच्या नियमाने काढलं तर ५८ येतं, डेव्हिनच्या सूत्राने ५१. पण पुढे तोच हिशोब केला की लक्ष्य तीन-चार ग्रॅमनेच सरकतं. त्यामुळे कोणतं सूत्र बरोबर यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

९० ग्रॅम आणि १६६ ग्रॅम यांतला फरक स्वयंपाकघरात कळतो. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रोटीन असतं. १६६ ग्रॅम नुसत्या डाळीतून आणायचे, तर पाऊण किलो डाळ शिजवावी लागेल आणि तिच्या कॅलरीच अडीच हजार होतील. वजन उतरायचा प्रश्नच मिटला. ९० ग्रॅम असे बसले: सकाळी ६० ग्रॅम मूगडाळीची धिरडी आणि मोठी वाटी दही मिळून २१, दुपारी दोन पोळ्या, ४० ग्रॅम डाळीचं दाट वरण आणि ४० ग्रॅम सोया चंक्सची भाजी मिळून ३६, संध्याकाळी मूठभर फुटाणे आणि पेलाभर दूध मिळून १२, रात्री १०० ग्रॅम पनीर आणि एक ज्वारीची भाकरी मिळून २२. एकूण ९१. वाटी नव्हे, कोरडी डाळ काट्यावर तोलायची, हे मी आग्रहाने सांगते. पातळ वरणाच्या वाटीत अनेकदा तीन-चार ग्रॅमही नसतात, आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते.

हे सुरू करण्याआधी त्यांचं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घेतलं, कारण वजनाबरोबर मधुमेह आणि रक्तदाबही होता. मूत्रपिंड आधीच बिघडलेलं असेल तर हा हिशोब लागू नाही. तिथे प्रोटीन किती, हे त्या विकाराचे डॉक्टर ठरवतात. प्रोटीन पुरतंय की नाही, हे काट्यावरून कळत नाही. पहिल्या आठवड्यात उतरतं त्यात बरंचसं पाणी असतं, आणि घरगुती काट्यावर दिसणारा चरबीचा टक्का सकाळ-संध्याकाळ बदलतो. आम्ही वेगळी खूण ठेवली: हात छातीशी घेऊन अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येतं. वजन उतरताना हा आकडा तेवढाच राहिला किंवा वाढला, तर पाय शाबूत आहेत. तो घटू लागला, तर आधी खाण्यातली तूट कमी करायची, मग प्रोटीन थोडं वाढवायचं, आणि व्यायामात ताकदीचं काही आहे का ते बघायचं. नुसतं चालणं आणि भरपूर प्रोटीन यावर स्नायू पुरते वाचत नाहीत.

सुरुवातीला त्या नऊ वेळा उठल्या होत्या. काही महिन्यांनी वजन ९० किलो झालं तेव्हा बारा वेळा उठल्या, आणि आता लक्ष्य किती कमी करायचं, असं विचारू लागल्या. संपूर्ण वजनाच्या हिशोबाने ते १६६वरून १४४ झालं असतं. समायोजित वजन ६७वरून ६४ झालं होतं, म्हणजे ९०चे ८६. चार ग्रॅम, अर्ध्या पेल्या दुधाहून थोडे जास्त. फ्रिजवरच्या चिठ्ठीवर ९०च राहू दिले.