उंट-वाळवंटाच्या अरबी म्हणी: मराठी पर्याय की खुलासा

अरबी मजकूर मराठीत आणताना उंटाची किंवा तापल्या रेतीची म्हण आली, की त्या जागी तयार मराठी म्हण ठेवायची, का मूळ प्रतिमा राखून दोन शब्दांत ती उलगडायची, याचा निर्णय करावा लागतो. या नोंदीत तो नागपुरातल्या वाचकाच्या अंगाने पाहिला आहे. या वाचकाला ऊन समजावून सांगावे लागत नाही. नवतप्यात दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात, म्हातारी माणसे खिशात कांदा ठेवायला सांगतात आणि पारा पंचेचाळीसच्या वर गेला तरी कोणाला नवल वाटत नाही. उंटाची गोष्ट वेगळी आहे. कच्छकडचे रबारी मेंढ्यांचे कळप आणि सामान लादलेले उंट घेऊन विदर्भात फिरतात, त्यामुळे उंट डोळ्यांनी पाहिलेला असतो. पण तो कायम दुसऱ्याचा, वाटेवरचा. मराठी म्हणींतही तो हसण्यापुरताच येतो: एक उंटावरचा शहाणा, आणि एक उंटावरून शेळ्या हाकणारा. ज्या भाषेत उंट म्हणजे दूध, वाहन, वधूचा मेहर आणि खुनाची भरपाई, तिथली म्हण या भाषेत आणताना पहिली अडचण येते ती इथे.

अरबी म्हणींचा सर्वांत प्रसिद्ध संग्रह निशापूरच्या अल-मैदानीचा, ‘मजमा अल-अम्साल’. अल-मैदानी 1124 साली वारला. त्याच्या संग्रहात म्हणीसोबत तिच्या जन्माची गोष्टही येते. अनुवादकाला उपयोग होतो तो मुख्यतः या गोष्टींचा, कारण म्हण अजून त्या गोष्टीला बांधलेली आहे का सुटून मोकळी झाली आहे, हे त्यावरून कळते. बसूसच्या युद्धातून आलेल्या दोन म्हणी शेजारी ठेवल्या तर हा फरक नीट दिसतो. एक उंटाची आहे, एक तापल्या जमिनीची.

हे युद्ध इस्लामपूर्व काळातले, बक्र आणि तग़लिब या भाऊबंद टोळ्यांमधले. परंपरा ते चाळीस वर्षे चालले असे सांगते. तग़लिबचा सरदार कुलैब याने एक कुरण स्वतःसाठी राखून ठेवले होते. बसूस नावाच्या बाईच्या आश्रयाला आलेल्या पाहुण्याची सराब नावाची सांडणी त्या कुरणात शिरली आणि कुलैबने तिच्या सडांवर बाण मारला. बसूस ही बक्रच्या जस्सासची मावशी, आणि जस्सास हा कुलैबच्या बायकोचा भाऊ. मावशीच्या पाहुण्याचा अपमान सहन न होऊन मेव्हण्याने मेव्हण्याला मारले. बक्रमधलाच हारिस बिन उबाद या भांडणातून बाजूला राहिला. त्याला लढायला बोलावले तेव्हा तो म्हणाला, ‘ला नाक़त ली फ़ीहा व ला जमल’. म्हणजे, यात माझी ना सांडणी, ना उंट.

इथे ‘उंट’ या एका मराठी शब्दावर भागत नाही. अरबीत ‘नाक़ा’ म्हणजे मादी, ‘जमल’ म्हणजे नर, ‘बईर’ यांपैकी कोणतेही एक जनावर आणि ‘इबिल’ म्हणजे सगळा कळप. म्हणीचा जोर मादी आणि नर या जोडीत आहे. ‘माझी उंटीण नाही आणि उंट नाही’ असे लिहिले तर ते प्राणिसंग्रहालयातल्या पाटीसारखे वाटते. सुदैवाने मराठीकडे ‘सांडणी’ आहे. सांडणीस्वार बखरींतून आणि शाळेच्या इतिहासातून ओळखीचा असतो, म्हणून हा शब्द परका वाटत नाही. सांडणी डोळ्यांसमोर धावणारी येते, दूध देणारी नाही. तेवढे नुकसान सोसावे, असे माझे मत आहे.

तरी नुसता शब्दशः अनुवाद पुरत नाही. सीताबर्डीवर चहा घेताना एका मित्राला मी हे वाक्य वाचून दाखवले: ‘या भांडणात माझी ना सांडणी, ना उंट.’ त्याने विचारले, “म्हणजे गरीब होता का बे तो?” ही चूक फार उपयोगी आहे. वाक्य व्याकरणाने बरोबर, शब्द सगळे ओळखीचे, आणि अर्थ भलताच लागतो. प्रतिमा अजिबात समजली नाही तर वाचक थांबतो आणि विचारतो. चुकीची समजली तर तो खुशाल पुढे जातो आणि पुढची तीन पाने हारिसला कंगाल समजून वाचतो. म्हणून मूळ न पाहिलेल्या माणसाला वाक्य मोठ्याने वाचून दाखवावे. “समजलं का?” असे विचारून उपयोग नाही, सगळेच हो म्हणतात. “तो काय म्हणाला?” असे विचारावे.

मराठी पर्याय दोन हाताशी आहेत. ‘माझं काही देणंघेणं नाही’ हा पहिला, ‘मला त्याचं सोयरसुतक नाही’ हा दुसरा. दुसरा जास्त चटकदार, आणि लेखणी पटकन तिकडेच वळते. पण ‘सोयर’ आणि ‘सुतक’ हे जन्म-मृत्यूच्या विटाळाचे शब्द आहेत. रोजच्या बोलण्यात ते कोणाला जाणवत नाहीत, मात्र वाळवंटातल्या टोळीवाल्याच्या तोंडी घातले की लगेच उठून दिसतात. इथे आणखी एक गंमत आहे: हारिस ज्या मृत्यूपासून हात झटकतो आहे तो भाऊबंद टोळीतल्या नात्यागोत्यातलाच आहे, म्हणजे ‘सुतक’ शब्दशः घेतला तर वाक्य खोटे ठरते. ‘देणंघेणं’ला असे ओझे नाही. ते कोणाच्याही तोंडी शोभते.

मग ‘देणंघेणं’ ठेवून मोकळे का होऊ नये? आजच्या अरबी वर्तमानपत्रात ही म्हण आली तर जरूर व्हावे. तिथे एखादा स्तंभलेखक लिहितो की या लढाईत आपली ना सांडणी ना उंट, तेव्हा त्याच्या किंवा त्याच्या वाचकाच्या मनात जनावर नसते. म्हण झिजून नुसता वाक्प्रचार उरलेली असते. अशा जागी सांडणी आणली तर मुळात नसलेला वाळवंटी रंग आपण फासतो, आणि साधा राजकीय लेख पर्यटनाच्या माहितीपत्रकासारखा वाटू लागतो. बातमीच्या अनुवादात ‘या युद्धाशी आमचं काही देणंघेणं नाही’ एवढेच लिहावे.

हारिसच्या गोष्टीत मात्र पर्याय चालत नाही, कारण भांडण खरोखरच सांडणीवरून पेटले आहे. तो रूपक वापरत नाही, हिशेब सांगतो आहे: मेली ती सांडणी माझी नव्हती. पुढे काय होते तेही लक्षात घ्यावे लागते. युद्ध लांबल्यावर समेटाच्या आशेने बुजैर तग़लिबकडे जातो. काही कथनांत तो हारिसचा मुलगा आहे, काहींत पुतण्या. कुलैबचा भाऊ मुहलहिल त्याला मारतो आणि म्हणतो, कुलैबच्या वहाणेच्या वादीची भरपाई झाली. मग हारिस आपली नआमा ही घोडी मागवतो आणि युद्धात उतरतो. ज्याने आपले यात एक जनावर नाही असे मोजून सांगितले, त्याच्या घरच्या पोराची किंमत चपलेच्या पट्ट्याएवढी ठरवली गेली. आधीच्या पानावर नुसते ‘देणंघेणं’ असेल तर हे दुसरे मोजमाप पहिल्याला जोडलेच जात नाही.

म्हणून इथे प्रतिमा राखायची आणि खुलासा वाक्यातच मुरवायचा. मी शेवटी असे केले: ‘या भांडणात माझी ना सांडणी अडकली आहे, ना उंट. तुमचं तुम्ही निस्तरा.’ मुळात क्रियापद नाही. ‘अडकली’ हा एक शब्द आणि मागचे छोटे वाक्य माझे आहे. त्याच मित्राला चार दिवसांनी हे ऐकवले. “म्हणजे मले काय करायचं आहे, असं म्हणते तो,” त्याने सांगितले. तळटीप लागली नाही. तळटीप शेवटचा उपाय म्हणून ठेवावी, कारण ती वाचकाला संवादाच्या ऐन भरात खाली उतरवते. शिवाय सराबची गोष्ट मजकुरात आधीच येऊन गेलेली असेल तर टीप तेच पुन्हा सांगते. म्हण गोष्टीच्या आधी येत असेल, किंवा मजकुरात गोष्टच नसेल आणि बोलणारा मुद्दाम तिचा दाखला देत असेल, तेव्हा टीप द्यावी, आणि ती दोन वाक्यांत संपवावी.

दुसरी म्हण जमिनीची. जखमी कुलैबने पाणी मागितले, जस्सासने दिले नाही. मग त्याने जस्सासच्या सोबत असलेल्या अम्रकडे मागितले, तर अम्रने घोड्यावरून उतरून त्याचा शेवटच केला. यावरून ओळ आली: संकटात अम्रचा आसरा मागणारा म्हणजे ‘रमदा’पासून पळून आगीचा आसरा घेणारा. रमदा म्हणजे उन्हाने भाजून निघालेली जमीन. रमजान हे महिन्याचे नाव याच धातूतले.

नागपूरकराच्या तोंडून इथे आपोआप ‘आगीतून फुफाट्यात’ निघते. फुफाटा म्हणजे तापलेली राख आणि उन्हात पोळलेली धूळसुद्धा, म्हणजे जवळजवळ रमदाच. दोन भाषांनी त्याच दोन वस्तू घेतल्या आणि दिशा उलटी केली: अरब फुफाट्यातून आगीत जातो, मराठी माणूस आगीतून फुफाट्यात. नेहमीच्या वापरात ही उलटी दिशा आड येत नाही. एका संकटातून सुटून दुसऱ्यात, एवढाच अर्थ हवा असेल तर मराठी म्हण खुशाल वापरावी. तिला अनवाणी चटका बसलेल्या माणसाची साक्ष आहे आणि ती कुठल्या धर्माची किंवा जातीची खूण घेऊन येत नाही.

पण ‘आगीतून फुफाट्यात’ पडणारा माणूस आपसूक पडतो. अरबीतला ‘मुस्तजीर’ आसरा मागतो. टोळ्यांच्या जगात आसरा मागणे हा जवळजवळ करार असतो, आणि इथे ज्याच्याकडे मागितला तोच घात करतो. त्यामुळे मजकुरात विश्वासघात असेल तर मराठी म्हण अर्धीच पुरते. तेव्हा ‘फुफाट्याला भिऊन आगीच्या ओसरीला गेलो’ असे काही घडवावे लागते. फुफाटा ओळखीचा, दिशा अरबी, आणि ‘ओसरीला’ने आसऱ्याचा अर्थ राखला. हे मला अजून थोडे घडवलेले वाटते, पण ऐकणाऱ्याला कळते.

काही म्हणींना यांतले काहीच लागत नाही. ‘इअक़िलहा व तवक्कल’ हे तिर्मिज़ीच्या हदीससंग्रहातले वचन. उंट बांधू का मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू, असे एकाने पैगंबरांना विचारले, त्याचे हे उत्तर. इथे ‘प्रयत्नांती परमेश्वर’ घालणे म्हणजे वचनाचा धर्म बदलणे, आणि मोमिनपुऱ्यातला मराठी वाचक ते लगेच पकडेल. ‘आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव’ हे जसेच्या तसे समजते. अडचण आली तर ‘बांध’ या शब्दाची येते. आपल्याला बांधणे म्हटले की खुंटा आणि दावे दिसते. अरबी क्रियापदात खुंटा नाही: बसलेल्या उंटाचा पुढचा पाय गुडघ्यात दुमडून दोरीने आवळायचा, म्हणजे तो उठून लांब जात नाही. त्या दोरीला ‘इक़ाल’ म्हणतात, अरबांच्या डोक्यावरच्या काळ्या गोफालाही तेच नाव आहे, आणि आपली ‘अक्कल’ याच धातूवरून आली आहे. गोष्टीत कोणी प्रत्यक्ष उंट बांधत असेल तर ‘उंटाचा गुडघा बांध’ असे लिहावे. नुसते वचन उद्धृत केले असेल तर ‘उंट बांध’ एवढेच ठेवावे.