कॉल लागताच ५जी गायब का होतं?

"५जी फोन घेतला, सिमही ५जी, पण कॉल लागला की वर 4G दिसतं. फोन बनावट आहे का?"

नाही. ५जीवर इंटरनेट चालणं आणि ५जीवर आवाज जाणं या दोन वेगळ्या सोयी आहेत. दुसरीला व्हीओएनआर म्हणतात. फोनच्या सेटिंगमध्ये ती VoNR किंवा Vo5G अशी दिसते. ती चालायला टॉवरपासून मुख्य यंत्रणेपर्यंत सगळं स्वतंत्र ५जी लागतं. शिवाय कंपनीने ती त्या भागात सुरू केलेली हवी आणि तुमच्या मॉडेललाही ती चालायला हवी.

भारतात ऑक्टोबर २०२२मध्ये ५जी आलं, तेव्हा एअरटेलने ते ४जीच्या यंत्रणेवर बसवलं. अशा जाळ्यात आवाज ४जीवरूनच, म्हणजे व्होल्टीने जातो. जिओने सुरुवातीपासून स्वतंत्र ५जी उभारलं, पण तिथेही व्हीओएनआर जुळलं नाही तर कॉल जोडतानाच टॉवर फोनला ४जीवर पाठवतो. याला ईपीएस फॉलबॅक म्हणतात. घंटी वाजायला त्यामुळे किंचित उशीर होतो, इतकंच. आवाज बिघडत नाही, कारण व्होल्टीचा एचडी दर्जा मुळातच चांगला आहे.

कॉल संपल्यावर काही सेकंदांत 5G परत आलं, तर सगळं ठीक आहे. कॉलमध्ये 2G किंवा 3G दिसलं, तर मात्र सेटिंगमध्ये VoLTE बंद आहे का ते बघा.