उशिरा येणाऱ्या बिलावर व्याज मागताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यालयात हिशेब सांभाळायला दिलेले बहुतेक ग्राहक छोटे कारखानदार आहेत: मशीनिंग, फॅब्रिकेशन, पॅकिंग, रबर पार्ट. मोठ्या कंपनीला माल जातो, पैसे दोन-तीन महिने लटकतात. परचेस ऑर्डरमध्ये उशीर झाल्यास व्याजाची अट असते, पण ती वापरायला जीव धजत नाही. "व्याज मागितलं तर पुढची ऑर्डर जाईल" ही भीती खरी आहे, आणि ती लक्षात घेऊनच हे पत्रक लिहिले आहे. आमचे मत असे की संबंध व्याजाच्या आकड्याने क्वचितच बिघडतात. पत्र अचानक आले, चुकीच्या माणसाकडे गेले किंवा त्यातला हिशेब चुकला, की मात्र बिघडतात.

आधी अट नीट वाचा. ती कोटेशनमध्ये होती आणि ऑर्डरमध्ये त्या कोटेशनचा उल्लेख आहे, किंवा ती थेट ऑर्डरमध्येच आहे, तर पाया पक्का आहे. ती फक्त तुमच्या बिलाच्या तळाशी छापलेली असेल आणि ऑर्डरमध्ये वेगळ्याच अटी असतील, तर समोरचा अकाउंटंट "हे आम्ही कधी मान्य केलं?" असे विचारणार. अशा वेळी बिलावरच्या ओळीचा आधार घेऊ नका. आधी आमच्याशी बोला.

त्यानंतर बिल नेमके कुठे अडले आहे ते शोधा. पुष्कळदा पैसे थांबवलेले नसतात. माल आवक नोंदीत चढलेला नसतो, चलनावर शिक्का नसतो, किंवा चार नग रिजेक्ट दाखवलेले असतात. वादातल्या नगांवर व्याज लावले की वाद संपूर्ण बिलाचा होतो. तेवढी रक्कम बाजूला काढा आणि व्याज फक्त निर्विवाद बाकीवर मोजा.

मुदत उलटल्यावर पहिले पत्र व्याजाचे नसावे. खातेउतारा पाठवून बाकी मान्य असल्याची सही किंवा ईमेल मागवा. अकाउंट्सला ही रोजची गोष्ट असते, त्यामुळे कोणाला टोचत नाही. आणि हा कागद फार कामाचा असतो: पुढच्या पत्रात आकड्यावर वाद उरत नाही, शिवाय वसुलीची 3 वर्षांची कायदेशीर मुदत संपण्याआधी केलेल्या अशा लेखी कबुलीपासून ती मुदत नव्याने मोजली जाते.

एक उदाहरण पाहू. माल 2,00,000 रुपयांचा, जीएसटी 36,000, बिल 2,36,000 रुपयांचे. माल 6 एप्रिलला पोहोचला. अट अशी: माल मिळाल्यापासून 30 दिवसांत पेमेंट, त्यानंतर वार्षिक 18 टक्के सरळव्याज. म्हणजे 6 मे ही शेवटची तारीख. मेअखेरीस उतारा गेला, बाकी मान्य झाली, पण पैसे आले नाहीत. 20 जूनला दुसरे पत्र निघते. 7 मे ते 20 जून हे 45 दिवस झाले. 2,36,000 चे वर्षाचे व्याज 42,480 रुपये, दिवसाला साधारण 116, आणि 45 दिवसांचे 5,237 रुपये.

पत्र पाठवण्यापूर्वी, ज्यांनी ऑर्डर दिली त्या परचेसच्या साहेबांना फोन करा. "साहेब, त्या एप्रिलच्या बिलासाठी अकाउंट्सला एक पत्र जातंय, त्यात अटीप्रमाणे व्याजाचा उल्लेख आहे. तुम्हाला दुसरीकडून कळायला नको म्हणून आधी सांगतो." एवढेच पुरे. आपल्याला अंधारात ठेवले असे त्यांना वाटत नाही, आणि बऱ्याचदा तेच आतून फाइल हलवतात. पत्र मात्र अकाउंट्सच्या नावाने जाऊ द्या, कंपनीच्या मालकांच्या नावाने नको. पत्राचा मजकूर साधारण असा:

"स.न.वि.वि.
बिल क्र. 112 चा माल आपल्याकडे 6 एप्रिलला पोहोचला. आपल्या परचेस ऑर्डरमधील अट क्र. 7 नुसार 2,36,000 रुपये 6 मेपर्यंत येणे अपेक्षित होते. ही बाकी आपण मे महिन्याच्या खातेउताऱ्यावर मान्य केली आहे. त्याच अटीनुसार 20 जूनपर्यंतचे व्याज 5,237 रुपये होते. हिशेब सोबत जोडला आहे.
आपला-आमचा व्यवहार जुना आहे. मूळ रक्कम 30 जूनपर्यंत खात्यात जमा झाल्यास या बिलाचे व्याज आम्ही आकारणार नाही. त्यानंतर देय तारखेपासूनचे व्याज नियमानुसार जीएसटीसह आकारावे लागेल. ही सवलत या बिलापुरती असून अट व आमचे हक्क कायम आहेत. बिल अडण्याचे काही कारण असल्यास 25 जूनपर्यंत कळवावे, ही विनंती."

यात "नाइलाजाने", "वारंवार विनंती करूनही", "खेद वाटतो" असे काही नाही. अट, तारीख आणि आकडा पुरेसे बोलतात. "ही सवलत या बिलापुरती" हे वाक्य मात्र गाळू नका. दर वेळी निमूटपणे व्याज सोडत गेलात, तर पुढे "तुम्ही तर कधीच घेत नव्हता" असे ऐकावे लागते.

व्याजाची डेबिट नोट या पत्रासोबत पाठवू नका. उशिराच्या व्याजावर जीएसटी लागतो, पण तो व्याज प्रत्यक्ष हाती आल्यावर देय होतो. व्याज सोडायचे की घ्यायचे हे ठरण्याआधीच नोट काढली, तर दोन्हीकडच्या वह्यांत नको ती नोंद बसते आणि ती काढायला पुन्हा पत्रे लिहावी लागतात.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकांच्या आणि सेवा देणाऱ्यांच्या हाती आणखी एक आधार आहे. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्याने लेखी करार असला तरी पेमेंटची मुदत 45 दिवसांपुढे नेता येत नाही. करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. 2023 च्या वित्त अधिनियमाने तर अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही अशी तरतूद आणली. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र या संरक्षणाचा भरवसा धरता येत नाही.

हे सगळे पहिल्या व्याजपत्रात ओतू नका. लेटरहेडवर उद्यम क्रमांक छापलेला असला की मार्चअखेर जवळ आल्यावर त्यांच्या ऑडिटरला तो आपोआप दिसतो. थकलेल्या पैशांसाठी एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करणे हा तुमचा हक्क आहे, पण त्या पोर्टलचे नाव पत्रात आले की समोरची कंपनी ते पत्र वकिलाकडे देते. पुढच्या ऑर्डरची आशा संपली असेल तेव्हाच ते नाव काढा.

30 जून उलटला आणि 10 जुलैला फक्त मूळ रक्कम आली, तर? तोवर 65 दिवसांचे 7,565 रुपये व्याज झालेले असते. "व्याज सोडा" असा फोन येतोच. लगेच हो किंवा नाही म्हणू नका. आमच्या अनुभवात या रकमेचा सर्वात चांगला उपयोग पुढच्या ऑर्डरच्या अटी सुधारण्यासाठी होतो: व्याज सोडतो, पण पुढच्या ऑर्डरवर 30 टक्के अ‍ॅडव्हान्स, किंवा माल पोहोचल्यापासून तीन दिवसांत आवक नोंद. समोरच्याला मान राखून देता येते आणि तुमचे पुढचे बिल वेळेवर निघण्याची शक्यता वाढते. ठरले की त्याच दिवशी ईमेलने लिहून घ्या.

दुसरे पत्र पाठवण्याआधी परचेस ऑर्डर, बिल, शिक्का असलेले चलन आणि मान्य झालेला खातेउतारा आमच्याकडे पाठवा. तारखा आणि व्याजाचा हिशेब आम्ही तपासून देऊ.