व्हीपीएनचे पैसे भरले, तरी घरचा एनव्हीआर का उघडत नाही?

आमच्याकडे कॅमेरे किंवा नॅस बसवून घेतलेल्या ग्राहकांचा एक फोन ठरलेला असतो. "वर्षभराचं व्हीपीएन घेतलंय, ऑफिसात बसून चालू केलं, पण घरचा एनव्हीआर काही उघडत नाही." सबस्क्रिप्शनमध्ये बिघाड नसतो, आणि एनव्हीआरमध्येही बहुधा नसतो. घेतलेली सेवा वेगळ्या कामाची आहे, एवढंच. नेमकं कुठे अडतं आणि घरी पोहोचायला काय लागतं, ते या पत्रकात एका उदाहरणातून सांगितलं आहे.

समजा घर नाशिकला आहे आणि तुम्ही नोकरीला पुण्यात. घरी एनव्हीआरला 192.168.1.50 हा पक्का पत्ता दिला आहे. पुण्यात मोबाइल डेटावर तुम्ही व्हीपीएनचं ॲप चालू करता, कुलुपाचं चिन्ह हिरवं होतं आणि ब्राउझरमध्ये हा पत्ता टाकता. पान फिरत राहतं आणि शेवटी वेळ संपल्याचा संदेश येतो.

पाकीट गेलं कुठे?

तुमच्या फोनपासून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत एक बंद बोगदा तयार झाला. तुमची मागणी त्यातून सुखरूप त्या सर्व्हरपर्यंत गेली आणि तिथे उलगडली. आता सर्व्हरला ती 192.168.1.50 कडे पाठवायची आहे, पण त्याच्या लेखी असा पत्ता नाशिकला नाही की आणखी कुठेच नाही. 192.168 ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत आणि इंटरनेटवर ते फिरवले जात नाहीत. "फ्लॅट ३०२" प्रत्येक सोसायटीत असतो; सोसायटीचं नाव न सांगता पोस्टमनला नुसतं "३०२" म्हणून भागत नाही. सर्व्हर ती मागणी टाकून देतो.

म्हणजे बोगदा आहे, पण त्याचं दुसरं तोंड तुमच्या घरात उघडत नाही, कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये उघडतं. या सेवेचं काम तेवढंच आहे: तुम्ही ज्या वाय-फायवर बसला आहात त्याच्या मालकाला तुमची वाहतूक दिसू नये आणि वेबसाइटला तुमच्याऐवजी कंपनीचा पत्ता दिसावा. हॉटेलच्या किंवा विमानतळाच्या वाय-फायवर ते उपयोगीही आहे. तुमच्या घराशी तिचा कधी संबंधच आलेला नसतो.

काही जण ॲपमध्ये "India" किंवा "Mumbai" निवडून पाहतात, कारण ते नाशिकच्या जवळ वाटतं. त्यानेही फरक पडत नाही. २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याचा नियम आणल्यावर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातली यंत्रं काढून घेतली, त्यामुळे "India" असं लिहिलेलं यंत्र प्रत्यक्षात देशाबाहेरही असू शकतं. ते अगदी नाशिकरोडला असतं, तरी तुमच्या राउटरच्या आत त्याला वाट नव्हतीच.

"मग घरच्या राउटरवरही तेच व्हीपीएन टाकू?"

हा पुढचा प्रश्न हमखास येतो. फोन आणि घर दोन्ही एकाच कंपनीच्या सर्व्हरला जोडले, तरी ते एकमेकांना दिसत नाहीत. एकाच सर्व्हरवर शेकडो अनोळखी ग्राहक असतात. त्यांनी एकमेकांच्या यंत्रांत डोकावू नये म्हणून कंपनी मुद्दाम आडवी भिंत घालते. ती भिंत नसती, तर आम्हीच तुम्हाला ती सेवा बंद करायला सांगितलं असतं. स्वतःची यंत्रं एकमेकांना जोडून देणारी वेगळी सोय काही कंपन्या देतात, पण ती नेहमीच्या "कनेक्ट" बटणात नसते.

उलट राउटरवर हे व्हीपीएन टाकल्याने चालू असलेली व्यवस्था बिघडू शकते. बाहेरून येणारी मागणी तुमच्या ब्रॉडबँडच्या पत्त्यावर येते, पण घरातून उत्तर निघताना राउटर ते बोगद्यात ढकलतो. मागणी एका दाराने आली आणि उत्तर दुसऱ्याने गेलं, की जोडणी पूर्ण होत नाही. काल चालणारं आज बंद पडलं, तर मधल्या काळात कोणी राउटरवर व्हीपीएन चालू केलं का, हे आधी विचारा.

कॅमेरा कंपनीचं ॲप मात्र व्हीपीएनशिवाय कुठूनही चालतं. याचं कारण असं की एनव्हीआर स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरला जोडून राहतो आणि तुमचा फोनही तिथेच जातो. सोयीचं आहे, पण ते फक्त त्या एका यंत्रापुरतं. नॅस, प्रिंटर किंवा राउटरचं पान त्यातून उघडत नाही.

घरात उघडणारा बोगदा

यासाठी व्हीपीएनचा सर्व्हर घरातच हवा. आम्ही वायरगार्ड हा प्रोग्राम वापरतो. तो बऱ्याच नव्या राउटरमध्ये तयार मिळतो. नसेल तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालतो. उदाहरणात पायचा पत्ता 192.168.57.10 धरू. 57 का, ते पुढे येतं. फोनमधली फाइल अशी दिसते:

```
[Interface]
PrivateKey = (फोनची खासगी किल्ली)
Address = 10.8.0.2/32

[Peer]
PublicKey = (घरच्या सर्व्हरची किल्ली)
Endpoint = ghar.example.com:51820
AllowedIPs = 10.8.0.0/24, 192.168.57.0/24
PersistentKeepalive = 25
```

सगळी गंमत `AllowedIPs` या ओळीत आहे. "192.168.57 ने सुरू होणारं जे काही असेल ते बोगद्यातून घरी पाठव, बाकीचं नेहमीच्या वाटेने जाऊ दे," असं ती फोनला सांगते. सबस्क्रिप्शनवाल्या सेवेत घराची ही ओळ लिहायची सोयच नसते, कारण पलीकडे घर नसतं.

सर्व्हरपर्यंत पोहोचायला राउटरवर एकच पोर्ट फॉरवर्ड करायचा: UDP 51820, पायच्या पत्त्याकडे. एनव्हीआरचा किंवा नॅसचा पोर्ट थेट बाहेर उघडू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्याचे पासवर्ड वापरूनच ताब्यात घेतले होते, आणि तसा शोध घेणारे प्रोग्राम आजही फिरत असतात. वायरगार्डचं तसं नाही. ओळखीची किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. म्हणूनच "पोर्ट उघडा आहे का" तपासणाऱ्या वेबसाइटवर तो बंद दिसतो. त्यावरून निष्कर्ष काढू नका.

`Endpoint` मध्ये नाव आहे, आकडे नाहीत, कारण घरचा पत्ता अधूनमधून बदलतो. राउटरमधली डीडीएनएस सेवा ते नाव नव्या पत्त्याशी जुळवत राहते.

जोडणी होतच नसेल तर

वायरगार्डच्या ॲपमध्ये जोडणीवर बोट ठेवा आणि `Latest handshake`, म्हणजे घरच्या सर्व्हरशी शेवटची ओळख कधी पटली, ही ओळ शोधा. ती दिसतच नसेल, तर फोनच्या मागणीला घरून उत्तर आलेलंच नाही. किल्ल्या बरोबर असतील तर पहिला संशय सीजीनॅटवर घ्या. बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांवर एक सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो आणि मग तुमच्या राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग कितीही अचूक असलं, तरी मागणी कंपनीच्या यंत्रावरच अडते.

हे ओळखणं सोपं आहे. राउटरच्या पानावर WAN IP पाहा. तो 100.64 ते 100.127 यांच्यातल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर सीजीनॅट आहे. 10 ने सुरू होत असेल तरीही कंपनीकडेच वाटणी चालू आहे. 192.168 असेल, तर बहुधा राउटरच्या अलीकडे फायबरचा डबाही राउटर म्हणून चालतोय. तो ब्रिज मोडवर टाकायला सांगा.

सीजीनॅटवर सरळ उपाय म्हणजे इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक पत्ता मागणं. त्याला वेगळं शुल्क असतं. घरी आणि फोनवर दोन्हीकडे आयपीव्ही६ म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते असतील तर तेही चालतं, फक्त ऑफिसच्या वाय-फायवर ते बऱ्याचदा नसतं. तिसरा मार्ग म्हणजे भाड्याचा छोटा सर्व्हर मध्ये ठेवणं: घरचा पाय स्वतःहून त्याला जोडतो, फोनही त्याला जोडतो. दर २५ सेकंदांनी जाणारं छोटं पाकीट ही वाट उघडी ठेवतं, म्हणून ती `PersistentKeepalive` ओळ इथे पायच्या फाइलमध्ये हवीच. मधल्या सर्व्हरवर पायच्या नोंदीत 192.168.57.0/24 लिहायला विसरू नका, नाहीतर पाय दिसेल पण घर दिसणार नाही. टेलस्केलसारखी सेवा हीच जुळणी बरीचशी आपोआप करते.

जोडणी होते, पण एनव्हीआर उघडत नाही

हँडशेक ताजा आहे, बोगद्यातल्या 10.8.0.1 या आपल्या पत्त्यावर पायही उत्तर देतो, तरी एनव्हीआर गप्प. इथे दोष घराच्या आत असतो. पायला दुसऱ्यांची पाकिटं पुढे द्यायची परवानगी लागते:

```
sudo sysctl -w net.ipv4.ip_forward=1
```

ही आज्ञा यंत्र बंद होईपर्यंतच टिकते. वीज जाऊन आली की व्यवस्था बंद, असं होत असेल तर कारण हेच. हीच सेटिंग `/etc/sysctl.d/` मधल्या फाइलमध्ये लिहून ठेवायची.

दुसरी बाजू उत्तराची. बोगद्यातला तुमच्या फोनचा पत्ता 10.8.0.2; तो कोण हे एनव्हीआरला ठाऊक नसतं, म्हणून तो उत्तर राउटरकडे देतो, आणि राउटरलाही ते ठाऊक नसतं. राउटरवर एक स्टॅटिक रूट घाला: 10.8.0.0/24 कडे जाणारं सगळं 192.168.57.10 ला द्यावं. राउटरमध्ये ती सोय नसेल, तर पायवर मास्करेड चालू करतात. मग एनव्हीआरला वाटतं पायच बोलतोय.

आता 57. राउटर कारखान्यातून येतानाच 192.168.1 किंवा 192.168.0 घेऊन येतात, घरचा आणि ऑफिसचाही. ऑफिसच्या वाय-फायवर बसून 192.168.1.50 मागितलं, तर फोनसमोर त्याच पत्त्यांचे दोन रस्ते येतात. घरच्या एनव्हीआरऐवजी ऑफिसचा प्रिंटर उघडतो तो यामुळे. मोबाइल डेटावर चालतं आणि ऑफिसच्या वाय-फायवर नाही, ही याची खूण. म्हणून घरची मालिका वेगळी ठेवायची. बदलताना एनव्हीआरचा पत्ता आणि गेटवे आधी बदला, राउटर नंतर. उलट केलंत तर एनव्हीआर जुन्या मालिकेत अडकतो आणि स्क्रीन-माउस लावूनच सोडवावा लागतो. एनव्हीआरच्याच पीओई पोर्टला लावलेले कॅमेरे सहसा आतल्या वेगळ्या मालिकेत असतात, त्यांना हात लावू नका.

अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं, त्यामुळे घरची जोडणी चालू केली की सबस्क्रिप्शनचं व्हीपीएन सुटतं. वरच्या फाइलप्रमाणे फक्त घरची वाहतूकच बोगद्यातून जाते, बाकी उघडंच राहतं. `AllowedIPs` मध्ये 0.0.0.0/0 लिहिलं तर आयपीव्ही४ची सगळी वाहतूक नाशिकमार्गे जाईल आणि हॉटेलचं वाय-फाय सुरक्षित होईल, पण वेबसाइटला तुमच्या घराचाच पत्ता दिसेल आणि वेग घरच्या अपलोडपुरता राहील. कॅमेरे पाहताना सबस्ट्रीम, म्हणजे कमी डेटा लागणारं हलकं चित्र, निवडा.

आम्हाला फोन करण्याआधी तीन गोष्टी टिपून ठेवा: राउटरवरचा WAN IP, `Latest handshake` दिसतो का, आणि मोबाइल डेटावर व वाय-फायवर वेगळं वागतं का. एवढ्यावर बहुतेक वेळा घरी न येताच दोष सांगता येतो.